साधी भूल मागण्याआधी

"मी ३४ वर्षांची, वजन ५६ किलो. दोन वर्षांपूर्वी वरच्या शेवटच्या दाढेचं रूट कॅनल करताना भुलेचं इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या मिनिटात छाती इतकी धडधडायला लागली की वाटलं संपलं सगळं. हात थरथरत होते. पाचेक मिनिटांत शांत झालं. नंतर कळलं की त्यात ॲड्रेनालिन होतं. पुढच्या वेळी वरच्याच दुसऱ्या दाताच्या फिलिंगला मी हट्टाने साधी भूल घेतली, तर मधेच दुखायला लागलं आणि परत टोचावं लागलं. आता खालची अक्कलदाढ कापून काढायचीये आणि डॉक्टर म्हणतात ॲड्रेनालिनवालीच देणार. बहीण म्हणते, फॉर्मवर ॲलर्जी लिही, प्रश्न मिटला. बाकी तब्येत ठीक आहे, फक्त सहा महिन्यांपासून मायग्रेनसाठी रोज एक गोळी चालू आहे. काय करू? आणि ही भूल मुळात काम कशी करते हे कोणी नीट सांगतच नाही."

पहिली गोष्ट, बहिणीचं ऐकू नका. ॲलर्जी लिहू नका, प्लीज. ॲड्रेनालिन तुमच्या मूत्रपिंडांवरच्या दोन छोट्या ग्रंथी रोज बनवतात, त्याची ॲलर्जी होत नाही. उलट एखाद्याला कशाचीही भयंकर ॲलर्जिक रिॲक्शन आली, घसा सुजला, बीपी पडलं, तर आम्ही पहिलं औषध मांडीच्या स्नायूत देतो ते ॲड्रेनालिनच, मोठ्या माणसाला ५०० मायक्रोग्रॅम. आता कल्पना करा, उद्या तुम्हाला खरंच तसं काही झालं आणि कागदावर लिहिलंय ॲड्रेनालिनची ॲलर्जी, तर देणाऱ्याचा हात क्षणभर का होईना अडकणार, आणि त्या वेळी क्षणभरही महाग पडतो. (ॲड्रेनालिन हवेने खराब होऊ नये म्हणून त्या द्रावणात सल्फाइट जातीचं एक रसायन घालतात, त्याचा त्रास काही जणांना होऊ शकतो, विशेषतः काही दमेकऱ्यांना. पण तो अंगावर गांधी, शिट्टी वाजणारा श्वास, सूज असा दिसतो. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काहीच नाही.)

मग झालं काय होतं? मी भूलतज्ज्ञ आहे, आणि तुमचं पत्र वाचून मला आमचीच एक रोजची टेस्ट आठवली. कमरेखाली बधिर करायला पाठीत एपिड्युरलची बारीक नळी घातली की ती चुकून रक्तवाहिनीत तर शिरली नाही ना हे बघायला आम्ही तिच्यातून थोडं औषध मुद्दाम ॲड्रेनालिन घालून देतो, १५ मायक्रोग्रॅम, आणि मॉनिटरकडे बघत बसतो. नळी शिरेत असेल तर मिनिटाच्या आत नाडी वीसेक ठोक्यांनी वर जाते, पेशंट म्हणतो छातीत धडधडतंय, आणि दोन-चार मिनिटांत परत सगळं जागेवर. आता तुमचं बघा. दाताच्या इंजेक्शनचं एक कार्ट्रिज बहुतेक १.८ मिलिलिटरचं असतं आणि त्यात ॲड्रेनालिन १:८०,००० असेल, म्हणजे ८०,००० मिलिलिटरला एक ग्रॅम, तर एका कार्ट्रिजमध्ये २२.५ मायक्रोग्रॅम झालं. वरच्या शेवटच्या दाढेच्या मागे शिरांचं अक्षरशः जाळं असतं, सुई तिकडे गेली आणि थोडं औषध थेट शिरेत गेलं, किंवा भराभर ढकललं गेलं, की जे व्हायचं ते तुम्ही शब्दन्‌शब्द लिहिलंय. अर्ध्या मिनिटात सुरू आणि पाच मिनिटांत शांत. भीतीनेही असं होतं, तुमचं स्वतःचं ॲड्रेनालिन सुटतं, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला या दोन्हींतला फरक कळणं शक्यच नाही. पण काहीही असलं तरी चूक औषधाची नव्हती, असलीच तर ते कुठे आणि किती वेगाने गेलं त्याची.

आता भूल. इथे आधी आपल्या भाषेतला एक घोळ बाजूला करू. आपण 'नस' म्हणतो तेव्हा कधी शीर म्हणायची असते कधी मज्जातंतू, आणि पेशंटला वाटतं की इंजेक्शन "नसेत" देतात. नाही हो. सुई मज्जातंतूच्या जवळ जायला हवी आणि शिरेत अजिबात जायला नको, सगळी कसरत एवढ्यासाठीच. म्हणून मी इथे तंतू आणि शीर असे दोन वेगळे शब्द वापरते.

तंतूच्या आतल्या बाजूला सोडियम कमी आणि बाहेर साधारण दसपट. शांत असताना आत थोडा ऋण विद्युतभार असतो. दाढेजवळ काही दुखलं की तंतूच्या पापुद्र्यातली सोडियमची दारं उघडतात, एक सेकंदाचा हजारावा भाग इतकाच वेळ, सोडियम धाडकन आत घुसतं, आतला भार उलटा होतो, त्या धक्क्याने पुढची दारं उघडतात, मग त्यापुढची, अशी ती कळ जबड्यातून मेंदूपर्यंत पळत जाते. उघडलेलं दार लगेच स्वतःच मिटतं आणि थोडा वेळ उघडतच नाही, म्हणून कळ उलटी फिरत नाही. लिग्नोकेन, म्हणजे इंजेक्शनमधलं भुलेचं औषध, काय करतं तर या दारांमध्ये जाऊन बसतं. सोडियम आत येत नाही, धक्का पुढे जात नाही, कळ तिथेच मरते. दाढेला इजा होतेच आहे, फक्त वर्दी पोचत नाही.

मजा अशी की लिग्नोकेन त्या दारात बाहेरून बसू शकत नाही. आतून कडी लागावी तसं ते आतूनच लागतं. म्हणजे आधी ते तंतूच्या आत शिरलं पाहिजे आणि तंतूचं आवरण असतं चरबीचं, त्यातून विद्युतभार असलेले रेणू जात नाहीत. लिग्नोकेनचे रेणू दोन रूपांत असतात, भार असलेले आणि नसलेले, आणि निरोगी हिरडीत शंभरातले साधारण पंचवीस भार नसलेले असतात. ते आत घुसतात, आत गेल्यावर त्यातले बरेच परत भार घेतात आणि मग दारात जाऊन बसतात. दार उघडझाप करत असेल तर बसणं त्यांना आणखी सोपं जातं, म्हणजे ज्या तंतूतून कळा सारख्या पळतायत त्याच्यावर ही भूल जास्त घट्ट लागते. मला स्वतःला शिकताना हा भाग फार आवडला होता.

यातच एक व्यवहाराची गोष्ट लपलीये. सुजलेल्या, पू झालेल्या जागी आम्लता वाढते आणि मग ते पंचवीसचे तीन-चारच उरू शकतात. औषध तेवढंच असतं पण आत जाणारं फारच थोडं. "मला भूल चढतच नाही" म्हणणाऱ्या कितीतरी लोकांची गोष्ट अशी असते (एवढंच कारण नसतं, सूज आली की तंतूही चिडचिडे होतात, पण हे एक मोठं). म्हणून अक्कलदाढेभोवती सूज असेल, तोंड उघडत नसेल तर डॉक्टर आधी ती उतरवायला बघतील, त्याला चालढकल समजू नका.

आता मुद्द्याची गोष्ट. लिग्नोकेन त्या दाराला कायमचं चिकटत नाही. बसतं, सुटतं, दुसरं बसतं. तंतूभोवती औषध भरपूर आहे तोवर दारं बंद, कमी झालं की दारं एकेक करून परत चालू. आणि मुख्य म्हणजे हिरडीत ते मोडून संपत नाही, मोडायचं काम यकृताचं. हिरडीतून ते फक्त वाहून जातं, रक्ताबरोबर. म्हणजे बधिरपणा किती वेळ टिकणार हे ठरतं त्या जागचं रक्त औषधाला किती लवकर घेऊन जातं त्यावर. आणि गंमत म्हणा की दुर्दैव, लिग्नोकेन स्वतः आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या सैल करतं. स्वतःच स्वतःला वाहून न्यायची सोय करतं. तुमच्या फिलिंगच्या वेळी हेच झालं. साधं २ टक्के लिग्नोकेन दाताच्या आतल्या नाजूक भागाला पाच-दहा मिनिटंच बधिर ठेवतं, ओठ-गाल तास-दीड तास बधिर राहतात, त्यामुळे पेशंटला वाटतं भूल आहे की अजून, मग दुखतंय कसं. ॲड्रेनालिन घातलं की तेच लिग्नोकेन दात साधारण तासभर बधिर ठेवतं आणि ओठ तीन ते पाच तास.

ॲड्रेनालिन सोडियमच्या दारांना हातही लावत नाही. त्याचं काम रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंवर. हिरडीच्या आणि गालाच्या आतल्या वाहिन्यांवर अल्फा नावाचे रिसेप्टर, म्हणजे ॲड्रेनालिन जिथे लागतं त्या जागा, भरपूर असतात, ॲड्रेनालिन तिथे लागलं की तो स्नायू आवळतो आणि वाहिनी अरुंद होते. एवढ्या एकाच गोष्टीचे तीन परिणाम. औषध जागेवर राहतं म्हणून भूल टिकते. रक्तात हळूहळू जातं म्हणून रक्तातलं प्रमाण एकदम वर चढत नाही. आणि कापलं तर रक्त कमी येतं. हिरडी पांढरी पडलेली दिसते ती त्यामुळेच. हाइनरिश ब्राउन नावाच्या जर्मन सर्जनने १९०३ च्या सुमारास ही जोडी जुळवली, त्याआधी हाताला पट्टा आवळून रक्त अडवून भूल टिकवायचे, तर त्याने म्हटलं हा रसायनाचा पट्टा. मला तरी याहून चांगलं नाव सापडलेलं नाही.

तर तुम्ही गृहीत धरलंय की साधी भूल म्हणजे सौम्य आणि ॲड्रेनालिनवाली म्हणजे जहाल. तिथेच मला जरा थांबवायचंय तुम्हाला. तुमच्या वजनाचाच हिशोब करू. दोन टक्के म्हणजे एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, म्हणजे १.८ मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये ३६ मिलिग्रॅम लिग्नोकेन. साध्या लिग्नोकेनची कमाल मर्यादा बरेच जण किलोमागे ४.५ मिलिग्रॅम धरतात (काही ठिकाणी तर ३ च), तुमच्या ५६ किलोला २५२ मिलिग्रॅम, म्हणजे बरोबर सात कार्ट्रिज. ॲड्रेनालिन असेल तर किलोमागे ७, म्हणजे ३९२ मिलिग्रॅम, जवळजवळ अकरा. इतकं कोणी देत नाही आणि द्यायचंही नसतं, पण मर्यादा वर का जाते ते बघा, औषध तेच आहे, फक्त रक्तात सावकाश येतंय. अक्कलदाढ कापून काढायला अर्धा तास सहज जातो, कधी जास्त. साध्या भुलेवर हे करायला घेतलं की दर थोड्या वेळाने परत टोचा, प्रत्येक वेळी औषध भराभर रक्तात, वरून रक्त जास्त म्हणून डॉक्टरला नीट दिसत नाही, म्हणून वेळ अजून वाढतो, म्हणून अजून भूल. हे चक्र मी पाहिलंय. लिग्नोकेन रक्तात जास्त झालं की मेंदूतल्या आणि हृदयातल्या सोडियमच्या दारांवरही बसायला लागतं, कारण दारं सगळीकडे तशीच. तोंडाभोवती मुंग्या, कानात गुंजन, तोंडात लोखंडासारखी चव, बोलणं अडखळणं, ही सुरुवातीची चिन्हं, पुढे झटके येऊ शकतात. खुर्चीत यातलं काही वाटलं तर हात वर करून लगेच सांगायचं, "काही नाही होईल बरं" म्हणत गप्प बसायचं नाही. एक अपवाद, खालच्या जबड्याच्या इंजेक्शननंतर त्या बाजूचा अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जड होणं हे अपेक्षितच असतं.

आणि अजून एक. भूल उतरली, कळ मारली, की तुमच्या ग्रंथी स्वतःचं ॲड्रेनालिन सोडणारच, तेही थेट रक्तात, आणि ते किती हे कोणाच्याच हातात नसतं. धडधड टाळायला साधी भूल मागावी तर धडधड दुसऱ्या दाराने घरात.

एवढं सगळं ॲड्रेनालिनच्या बाजूने बोलले, आता उलट्या बाजूने बोलते, कारण तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी अडकले आणि ते तुम्ही अगदी जाता जाता लिहिलंय. मायग्रेनची रोजची गोळी. कुठली? मायग्रेन येऊच नये म्हणून ज्या गोळ्या रोज देतात त्यात प्रोप्रानोलॉल आणि अमिट्रिप्टिलिन या दोन फार चालतात, आणि नेमक्या या दोन्हींचं ॲड्रेनालिनशी वाकडं आहे. प्रोप्रानोलॉल हृदयावरचे आणि स्नायूंतल्या वाहिन्यांवरचे बीटा रिसेप्टर अडवतं. मग ॲड्रेनालिन रक्तात गेलं की त्याला वाहिन्या सैल करायचा मार्गच उरत नाही, फक्त आवळायचा उरतो. बीपी एकदम वर जाऊ शकतं आणि त्यावर उतारा म्हणून नाडी मंद होते, म्हणजे धडधड नाहीच, उलट डोकं ठणकणं. अमिट्रिप्टिलिनची तऱ्हा वेगळी, त्यात ॲड्रेनालिनसारखी द्रव्यं तंतूंमध्ये परत शोषली जात नाहीत म्हणून त्यांचा परिणाम वाढतो. दोन वर्षांपूर्वी ही गोळी नव्हती, आता आहे, आणि तुम्ही म्हणता "बाकी तब्येत ठीक". फॉर्मवर लिहायची खरी गोष्ट ही आहे, ॲलर्जी नाही.

म्हणून घाबरून गोळी बंद करू नका हं. प्रोप्रानोलॉल अचानक बंद केलं तर त्याचा वेगळाच त्रास. आणि यापैकी गोळी असली म्हणजे ॲड्रेनालिन पूर्ण बंद असंही नाही, हात आखडता घ्यायचा इतकंच. हृदयाचा त्रास असलेल्यांसाठी एका भेटीत ४० मायक्रोग्रॅम ही जुनी मर्यादा बरेच जण पाळतात आणि अशा गोळ्या असणाऱ्यांनाही तोच हिशोब लावतात. १:८०,००० ने ती पावणेदोन कार्ट्रिजमध्ये संपते. १:२,००,००० चं मिळालं तर एका कार्ट्रिजमध्ये ९ च मायक्रोग्रॅम, म्हणजे चार कार्ट्रिज होतात. त्यात भूल जवळपास तेवढीच टिकते, रक्त थांबवायला मात्र ते थोडं कमी पडतं. तुमच्यासाठी मला हाच मधला मार्ग पटतो, पण निर्णय तुमच्या डॉक्टरांचा, गोळीचं नाव आणि बीपी बघून. अगदीच ॲड्रेनालिन नको अशी वेळ आली, बीपी हाताबाहेर आहे, थायरॉइड वाढलेलं आहे आणि आटोक्यात नाही, वगैरे, तर साध्या लिग्नोकेनऐवजी ३ टक्के साधं मेपिव्हाकेन असतं, ते वाहिन्या तितक्या सैल करत नाही त्यामुळे जास्त टिकतं, पण रक्त काही ते थांबवणार नाही.

डॉक्टरांना काय म्हणायचं ते सांगते, कारण "ॲड्रेनालिन नको" असं म्हटलं की संवाद तिथेच संपतो. म्हणा, "मागच्या वेळी इंजेक्शननंतर अर्ध्या मिनिटात धडधडलं, पाच मिनिटांत थांबलं, बहुतेक शिरेत गेलं असावं. या वेळी दट्ट्या आधी मागे ओढून बघाल का, आणि हळू द्याल का." दट्ट्या मागे ओढला आणि कार्ट्रिजमध्ये लाल रेघ आली तर सुई शिरेत आहे, ती हलवायची. खालच्या जबड्याच्या इंजेक्शनमध्ये हे जरा जास्तच वेळा होतं, त्यामुळे तुमची विनंती अजिबात आगाऊपणाची नाही. एक कार्ट्रिज द्यायला निदान एक मिनिट, दोन घेतले तर फारच छान. हळू दिल्याने जळजळही कमी होते, ॲड्रेनालिन टिकावं म्हणून ते द्रावण आंबट ठेवलेलं असतं, चुरचुरतं ते त्याने. पहिलं कार्ट्रिज दिल्यावर थांबून नाडी आणि बीपी बघा म्हणा, मग पुढचं.

आणि घाई नको. खालच्या जबड्याच्या इंजेक्शनला ओठ बधिर व्हायला पाच-दहा मिनिटं लागू शकतात, आणि रक्त कमी येण्यासाठीही ॲड्रेनालिनला तेवढा वेळ हवाच. काम सुरू झाल्यावर दाबल्यासारखं, ओढल्यासारखं, कटकट वाजल्यासारखं वाटेल. ते भूल उतरल्याचं लक्षण नाही. दाबाची जाणीव नेणारे तंतू जाड असतात आणि ते अडवणं अवघड, दुखणं नेणारे बारीक, ते आधी अडतात. टोकदार, सणकन असं काही आलं तरच हात वर करा.

घरी गेल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवा. ॲड्रेनालिन विरळ होत गेलं की आवळलेल्या वाहिन्या सुटतात, उलट थोड्या जास्तच सैल होतात, म्हणून दुपारी कोरडी वाटलेली जखम संध्याकाळी झिरपायला लागते. लाळेत गुलाबी छटा चालेल. तोंड भरून ताजं रक्त येत असेल तर स्वच्छ गॉजची घडी ओली करून जखमेवर ठेवून वीस मिनिटं घट्ट चावून धरा, मधे मधे काढून बघू नका, आणि तरीही थांबलं नाही तर फोन करा, रात्र असली तरी.

आणि आत्ता उठून ते मायग्रेनच्या गोळीचं पाकीट पर्समध्ये टाका. नाव पाठ करू नका, पाकीटच न्या.